सीसी लिमिट वाढवून मागताना: पत्रात काय लिहायचं, आकडा कुठून आणायचा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार गेल्या जुलैत बँकेत द्यायचं पत्र घेऊन माझ्याकडे आले. पत्र चार ओळींचं होतं: "आमच्या व्यवसायाचा विस्तार होत आहे. सुताचे भाव वाढले आहेत. तरी आमची कॅश क्रेडिट मर्यादा ४० लाखांवरून ७५ लाख करून मिळावी, ही नम्र विनंती." खाली सही आणि फर्मचा शिक्का.

"मालक, ७५ लाखच का?" मी विचारलं.

"साहेब थोडं कापतीलच की. म्हणून जास्त मागितलं."

हिशेब लिहिण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. यंत्रमाग आणि टॉवेल युनिटची अशी पत्रं मी पुष्कळ पाहिली. ती परत येतात तेव्हा धंदा वाईट असतो असं नाही. पत्रातल्या आकड्याला खाली आधार नसतो. अधिकाऱ्याला तुमच्या फाइलवर शिफारस लिहायची असते, आणि ती लिहिण्यासाठी लागणारं सगळं तुमच्या पत्रातूनच मिळालं पाहिजे. त्या मालकांचं पत्र आम्ही पुन्हा कसं लिहिलं, ते इथे क्रमाने सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे ढोबळ केले आहेत.

पहिलं काम: बँक आकडा कसा काढते ते समजून घ्या

लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी बँका 'उलाढाल पद्धत' वापरतात. १९९२ च्या नायक समितीच्या शिफारशीतून ती आली. ५ कोटींपर्यंतच्या लिमिटला लहान उद्योगांसाठी हीच पद्धत चालते. येत्या वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २५ टक्के रक्कम ही खेळत्या भांडवलाची गरज मानायची. त्यातले २० टक्के बँक देणार, ५ टक्के मालकाने स्वतःचे घालायचे.

हे २५ टक्के म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा. सुतात घातलेला पैसा तीन महिन्यांत परत हातात येतो, असं त्यात धरलेलं आहे. म्हणून आपलं चक्र किती दिवसांचं आहे ते आधी मोजा. या कारखान्यात सुताच्या गोण्या सरासरी १५ दिवस पडून असतात. सायझिंग, माग, डाईंग आणि शिलाई यात १४ दिवस जातात. तयार गाठी १२ दिवस गोदामात राहतात. माल गेल्यावर व्यापाऱ्याकडून पैसे यायला ५६ दिवस लागतात. झाले ९७. सूतवाला ७ दिवसांची उधारी देतो, ती वजा केली की ९० दिवस उरतात. म्हणजे २५ टक्क्यांचं गणित या युनिटला बरोबर बसतं. तुमचं चक्र १३० दिवसांचं निघालं, तर उधारी एवढी का लांबते हे बँक विचारणारच. त्याचं उत्तर पत्रात आधीच असू द्या. आणि चक्र ६० दिवसांचंच असेल, तर २० टक्के मागण्याआधी स्वतःच विचार करा. जास्तीचं लिमिट लागणारच नाही.

दुसरं: अंदाजित उलाढाल मागांवरून काढा

पत्राचा सगळा भार या एका आकड्यावर असतो, आणि चूकही इथेच सगळ्यात जास्त होते. मालकांनी २०२५-२६ साठी साडेतीन कोटी धरले होते. कशावरून, तर "एवढं होईल" यावरून. आम्ही कागद काढले. मागच्या तीन वर्षांची विक्री अशी होती: २०२२-२३ मध्ये १ कोटी ९६ लाख, २०२३-२४ मध्ये २ कोटी २४ लाख, २०२४-२५ मध्ये २ कोटी ५६ लाख. दर वर्षी साधारण १४ टक्के वाढ. त्यावरून एकदम साडेतीन कोटी म्हणजे ३७ टक्के उडी. अशी उडी पाहिली की अधिकारी आकडा स्वतःच खाली आणतो, आणि मग त्याचा हात तुमच्या सगळ्याच आकड्यांवर फिरतो.

पण वाढीला खरं कारण होतं. १२ मागांवर आणखी ३ माग येत होते. २०२४-२५ मध्ये १२ मागांनी २ कोटी ५६ लाख दिले, म्हणजे एका मागामागे वर्षाला सुमारे २१ लाख ३३ हजार. १५ माग वर्षभर चालले तर ३ कोटी २० लाख. मालक लगेच म्हणाले, "मग तेच लिहा."

तेही लिहिता येत नव्हतं, कारण नवे माग १ जुलैला सुरू झाले होते. त्यांना वर्षातले नऊच महिने मिळणार. ३ मागांचे वर्षाचे ६४ लाख, त्यांतले नऊ महिन्यांचे ४८ लाख. २ कोटी ५६ लाख अधिक ४८ लाख, म्हणजे ३ कोटी ४ लाख. हाच आकडा पत्रात गेला. अधिकारी मोजून पाहू शकतो अशा तीन गोष्टींवर तो उभा आहे: मागांची संख्या, सुरू झाल्याची तारीख आणि मागच्या वर्षीची प्रत्यक्ष विक्री. तो कारखान्यात येईल, माग मोजेल, बिलावरची तारीख बघेल.

एप्रिल ते जून या तीन महिन्यांची विक्री ६५ लाख झाली होती, आणि ती भरलेल्या जीएसटी रिटर्नमध्ये दिसत होती. उरलेल्या नऊ महिन्यांत २ कोटी ३९ लाख करायचे, म्हणजे महिन्याला साडेसव्वीस लाखांच्या आसपास. १५ मागांचा महिन्याचा हिशेबही तेवढाच येतो. अंदाजाला असा दुसरा पुरावा मिळाला की तो पत्रात घालाच.

इथे जपायच्या दोन गोष्टी आहेत. उलाढाल लिहिताना जीएसटी सोडून लिहा. ताळेबंदात विक्री करविरहित असते, आणि पत्रात करासहित आकडा गेला तर दोन्ही जुळत नाहीत. दुसरं, दुसऱ्याचं सूत घेऊन विणून देत असाल तर ती मजुरी विक्रीपासून वेगळी दाखवा. मजुरीच्या कामात सूत तुमचं नसतं, त्यामुळे तेवढं भांडवलही लागत नाही. ती विक्रीत मिसळली तर मागितलेलं लिमिट फुगतं आणि तपासणीत उघडं पडतं.

आता मागणी. ३ कोटी ४ लाखांचे २५ टक्के म्हणजे ७६ लाख. बँकेचे २० टक्के म्हणजे ६० लाख ८० हजार. आम्ही ६० लाख मागितले. उरलेले १६ लाख मालकाचे.

तिसरं: स्वतःचे १६ लाख कुठे आहेत ते दाखवा

हा मुद्दा नवखे लोक सोडूनच देतात. ३१ मार्च २०२५ च्या ताळेबंदात माल, येणी आणि थोडी रोकड मिळून ७३ लाख होते. सूतवाल्याचे ५ लाख, मजुरी-वीजबिल वगैरे ४ लाख आणि बँकेचे ३९ लाख द्यायचे होते. याशिवाय ९ लाख हातउसने होते, वर्षाला १८ टक्क्यांनी घेतलेले. सगळं वजा करून १६ लाख उरतात. हेच मालकाचं मार्जिन.

हातउसन्याचं काय करायचं, यावर आमची बरीच चर्चा झाली. मालकांना ते पत्रात नको होते. पण ताळेबंदात ते दिसतातच. लपवलेलं कर्ज अधिकाऱ्याला ताळेबंदात सापडलं, तर पुढचं सगळं वाचताना त्याचा विश्वास उडालेला असतो. म्हणून आम्ही सरळ लिहिलं: जुनं लिमिट २ कोटींच्या उलाढालीवर मंजूर झालं होतं, उलाढाल २ कोटी ५६ लाखांवर गेली, त्या हिशेबाने ५१ लाखांचं लिमिट लागत होतं, आणि तफावतीतला बराच भाग हातउसन्यावर चालवला. मागणीमागचं सगळ्यात पटण्याजोगं कारण तेच निघालं.

नव्या मागांचा पैसा कुठून आला हेही लिहा. मागांसाठी वेगळं मुदत कर्ज घेतलं होतं. सीसीच्या पैशातून यंत्र घेणं म्हणजे निधी दुसरीकडे वळवणं, आणि खातं बघताना अधिकारी ते आधी शोधतो. सीसीतून मागवाल्याला गेलेली एखादी रक्कम दिसली की लिमिट वाढायचं राहतं, वर खुलासा द्यावा लागतो.

चौथं: परतफेडीचा इतिहास कसा लिहायचा

"आमचे व्यवहार नियमित आहेत" हे वाक्य पत्रातून काढून टाका. सीसीला मुदत कर्जासारखा ठरावीक हप्ता नसतो, म्हणून परतफेड वेगळ्या खुणांवरून दिसते. खात्याचा वर्षाचा उतारा घ्या आणि पेन्सिलीने खुणा करत बसा.

आधी एकूण जमा बघा. या खात्यात २०२४-२५ मध्ये २ कोटी ६१ लाख जमा झाले होते. विक्री जीएसटीसह २ कोटी ६९ लाखांच्या आसपास होती, आणि उधारी थोडी वाढलेली होती. म्हणजे जवळपास सगळी विक्री याच खात्यातून फिरली. माझ्या पाहण्यातल्या दुसऱ्या एका युनिटची विक्री चांगली होती, पण मुंबईच्या व्यापाऱ्यांचे पैसे ते दुसऱ्या बँकेतल्या चालू खात्यात घेत. सीसी खात्यात जमा कमी दिसली आणि मागणी तिथेच अडली. ही चूक पत्र लिहून सुधारत नाही. सहा महिने सगळी जमा सीसी खात्यात आणायची आणि मग अर्ज करायचा.

मग व्याज बघा. दर महिनाअखेरीला लागलेलं व्याज किती दिवसांत भरलं गेलं? शिल्लक लिमिटच्या वर किती वेळा गेली? चेक किती परतले? बाकी खाली-वर होते, की ३९ लाख ५० हजारांवर गोठून बसली आहे? गोठलेलं खातं बँकेला आवडत नाही. पैसा फिरत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

त्याआधीच्या वर्षाच्या उताऱ्यात एक डाग निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीनंतर, खातं ९ दिवस १ लाख ४० हजारांनी मर्यादेबाहेर होतं. मालक म्हणाले, "हे राहू द्या, कोण बघतंय." पण अधिकाऱ्याच्या संगणकावर ते एका क्लिकवर दिसतं. सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहिलं की खातं थकीत ठरतं, आणि त्याआधी ३१ व्या दिवसापासूनच बँक त्याला धोक्याच्या यादीत टाकते. ९ दिवस त्या मानाने फार नाहीत, पण कारण तुम्ही सांगितलं तरच. आम्ही ते एका वाक्यात लिहिलं, आणि त्यानंतर असं पुन्हा घडलं नाही हेही लिहिलं.

जुन्या यंत्राचं मुदत कर्ज मार्च २०२४ मध्ये फिटलं होतं, ६० च्या ६० हप्ते वेळेवर. त्याचा ना-देय दाखला जोडला.

पाचवं: ड्रॉइंग पॉवर

मंजूर लिमिट आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम या वेगळ्या गोष्टी आहेत. दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट देता, त्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर काढते. या कारखान्याचा मार्चचा माल २७ लाखांचा, त्यातून सूतवाल्याचे ५ लाख वजा, राहिले २२ लाख. मंजुरीपत्राप्रमाणे २५ टक्के मार्जिन काढलं की साडेसोळा लाख. येणी ४५ लाख होती, पण त्यातले ३ लाख ९० दिवसांच्या वरचे, ते बाद. ४२ लाखांवर २५ टक्के मार्जिन काढून साडेएकतीस लाख. एकूण ४८ लाख. म्हणजे तारण ४८ लाखांचं, आणि लिमिट ४०.

तुमची ड्रॉइंग पॉवर लिमिटपेक्षा कमीच येत असेल, तर लिमिट वाढवूनही तुम्हाला एक रुपया जास्त उचलता येणार नाही. अशा वेळी पत्र लिहिण्याआधी जुनी उधारी वसूल करा. मार्जिनचे टक्के प्रत्येकाच्या मंजुरीपत्रात वेगळे असू शकतात, तेव्हा आपलं पत्र काढून बघा.

पत्र असं झालं

दीड पानात बसलं. मराठीतच लिहिलं, आकड्यांचा तक्ता मात्र बँकेच्या नमुन्यात वेगळा जोडला.

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> (बँक व शाखा), सोलापूर
>
> दिनांक: २८ जुलै २०२५
>
> विषय: कॅश क्रेडिट खाते क्र. ……… ची मर्यादा ४० लाखांवरून ६० लाख करण्याबाबत
>
> महोदय,
>
> आमची फर्म अक्कलकोट रोड एमआयडीसी येथे टेरी टॉवेलचे उत्पादन करते. आमची सध्याची ४० लाखांची मर्यादा २ कोटींच्या अंदाजित उलाढालीवर मंजूर झाली होती. त्यानंतर आमची करविरहित विक्री २०२२-२३ मध्ये १.९६ कोटी, २०२३-२४ मध्ये २.२४ कोटी व २०२४-२५ मध्ये २.५६ कोटी झाली. वाढलेल्या उलाढालीची गरज भागवण्यासाठी आम्हाला ९ लाख रुपये बाहेरून १८ टक्के दराने घ्यावे लागले; ते ताळेबंदात दाखवले आहेत.
>
> दि. १ जुलै २०२५ पासून आमचे ३ नवे माग सुरू झाले असून एकूण माग १५ झाले आहेत. या मागांसाठी स्वतंत्र मुदत कर्ज घेतले आहे. कॅश क्रेडिटची रक्कम वापरलेली नाही. १२ मागांची मागील वर्षाची विक्री व नव्या मागांचे नऊ महिने धरून २०२५-२६ ची उलाढाल ३.०४ कोटी अपेक्षित आहे. एप्रिल ते जूनची प्रत्यक्ष विक्री ६५ लाख आहे.
>
> उलाढाल पद्धतीने एकूण गरज ७६ लाख येते. त्यापैकी १६ लाख आमचे स्वतःचे असून ६० लाखांच्या मर्यादेची विनंती आहे. मार्च २०२५ च्या स्टॉक स्टेटमेंटनुसार ड्रॉइंग पॉवर ४८ लाख आहे.
>
> २०२४-२५ मध्ये खात्यात २.६१ कोटी जमा झाले. दरमहा व्याज वेळेवर भरले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका खरेदीदाराकडून रक्कम उशिरा आल्याने खाते ९ दिवस १.४० लाखांनी मर्यादेबाहेर होते. त्यानंतर असे घडलेले नाही. यंत्राचे मुदत कर्ज ६० हप्त्यांत वेळेवर फेडले आहे.
>
> आपण कारखान्याची व मालाची पाहणी करावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही, शिक्का)

सोबत तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, सीएने केलेला अंदाजपत्रकाचा तक्ता, बारा महिन्यांची जीएसटी रिटर्न, आयकर विवरणपत्रं, उद्यम नोंदणी, मागांची बिलं आणि जूनअखेरची येण्यांची यादी जोडली. यादीत प्रत्येक बिलाला किती दिवस झाले ते लिहिलं. द्यायच्या आधी एक काम हमखास करा: ताळेबंदातली विक्री आणि त्या वर्षाच्या जीएसटी रिटर्नमधली विक्री शेजारी ठेवून जुळवा. मजुरी, परत आलेला माल, भंगार विक्री यांमुळे थोडा फरक निघतोच. तो का आहे ते एका कागदावर लिहून सोबत लावा.

दिल्यावर

दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पाहणीला अधिकारी येईल त्या दिवशी सुताच्या गोण्या आणि गाठी स्टॉक स्टेटमेंटप्रमाणे मोजता येतील अशा रचून ठेवा. डाईंगला गेलेला माल कारखान्यात नसतो, त्याची चलनं हाताशी हवीत. नाहीतर तेवढा माल कमी आहे अशी नोंद होते. आमच्या मालकांकडे त्या दिवशी ३ लाखांचा माल डाईंग हाऊसमध्ये होता, आणि चलनं होती म्हणून प्रश्न तिथल्या तिथे सुटला.

वेळेचंही बघा. दिवाळीचा माल विणायला सूत लागतं तेव्हा अर्ज केला, तर मंजुरी येईपर्यंत हंगाम निघून जातो. दोन-अडीच महिने आधी द्या. लिमिटचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर त्याच्यासोबतच द्या, म्हणजे कागद दोनदा करावे लागत नाहीत. अर्ज नाकारला गेलाच, तर कारण लेखी मागा. पुढच्या पत्रात काय दुरुस्त करायचं ते त्यातूनच कळतं.

या मालकांना बँकेने ५६ लाख मंजूर केले. उरलेले ४ लाख सप्टेंबरपर्यंतची जीएसटी रिटर्न पाहून देऊ, असं मंजुरीपत्रात लिहिलं होतं. ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात सप्टेंबरचं रिटर्न भरून झाल्यावर आम्ही आणखी एक पत्र दिलं. ते खरंच चार ओळींचं होतं: मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख, जुलै ते सप्टेंबरची विक्री ७९ लाख, रिटर्नच्या प्रती सोबत, आणि उरलेले ४ लाख खुले करण्याची विनंती.